वर जाता येत नाही, पण सावकाश खाली येता येतं: स्नायूंच्या या फरकावर पहिला पुलअप कसा काढावा

पुलअप न जमणाऱ्या माणसाला स्टुलावर उभं करा, हनुवटी बारच्या वर ठेवायला सांगा आणि पाय सोडायला लावा. बऱ्याचदा तो धाडकन खाली येत नाही, चार-पाच सेकंद घेत उतरतो. म्हणजे जे वजन त्याला वर नेता येत नाही, तेच तो ताब्यात ठेवून खाली आणू शकतो. जिममध्ये या उतरण्याला ‘निगेटिव्ह’ म्हणतात. पहिला पुलअप काढायचा हा चांगला रस्ता आहे, पण आधी हे का जमतं ते कळलं तर पुढच्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही.

‘खाली येताना गुरुत्वाकर्षण मदत करतं’ हे उत्तर सगळे देतात आणि ते फसवं आहे. ६० किलोचा माणूस सावकाश, एकाच वेगाने वर जात असेल तर त्याचे हात ६० किलोच्या वजनाइतका जोर लावत असतात. त्याच वेगाने खाली येत असेल तरीही ६०च. जोर कमी लावला तर वेग वाढत जातो आणि तो पडतो. दोन्ही वेळा स्नायू वरच ओढतोय, ओझंही तेवढंच आहे. बदलते ती स्नायूची कमाल मर्यादा.

स्नायू आखडत असताना जोर लावतो, ते कॉन्सेन्ट्रिक काम. लांबी न बदलता धरून ठेवतो, ते आयसोमेट्रिक. जोर लावत असतानाच ओझं त्याला ताणत नेतं, ते एक्सेन्ट्रिक. (लांब होणाऱ्या स्नायूलाही पुस्तकं ‘एक्सेन्ट्रिक आकुंचन’ म्हणतात. शब्द गोंधळात टाकणारा आहे, पण रुळलाय.) स्नायूच्या तंतूत मायोसिन नावाच्या प्रथिनाची असंख्य टोकं ॲक्टिनच्या धाग्याला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. दोर हातावर हात टाकत ओढावा तसं. स्नायू जितक्या वेगाने आखडतो, तितकी कमी टोकं एका वेळी घट्ट पकडीत असतात, म्हणून जोर घटतो. वेग आणि जोराचं हे नातं ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर मोजून मांडलं.

उतरताना चित्र उलटं होतं. पकडलेली टोकं ओझ्यामुळे मागे खेचली जातात आणि स्प्रिंगसारखी ताणली जातात. ताणलेलं टोक न ताणलेल्यापेक्षा जास्त जोराने विरोध करतं. शेवटी ते हिसक्याने सुटतं आणि लगेच जवळच पुन्हा पकडतं. शिवाय टायटिन नावाचं लवचिक प्रथिन असतं. स्नायू कामाला लागला की ते जास्त ताठ होतं आणि त्याचाही आधार मिळतो. शरीराबाहेर काढलेला स्नायू ताणला जाताना त्याच्या आयसोमेट्रिक जोराच्या दीडपटीच्याही वर जाऊ शकतो. जिवंत माणसात मात्र मेंदू आणि मज्जारज्जू पूर्ण जोर लावू देत नाहीत, विशेषतः सवय नसलेल्याला. म्हणून व्यवहारात उचलण्याच्या मर्यादेपेक्षा साधारण पाव हिस्सा जास्त उतरवता येतं, असा ढोबळ हिशेब धरावा. कोणाचा कमी, कोणाचा जास्त.

हा हिशेब ६० किलोच्या माणसाला लावू. समजा तो सावकाश ५० किलोपर्यंतच ओढू शकतो. पुलअप जमणार नाही. पण पन्नासच्या सव्वापट म्हणजे साडेबासष्ट, त्यामुळे साठ किलो घेऊन उतरणं जमेल, तेही जवळजवळ पूर्ण ताकद लावून. त्याची ओढ ४० किलोची असेल तर सव्वापट ५०च होते. तो उतरणार नाही, पडेल. निगेटिव्ह प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून चालत नाहीत, त्याचं कारण हे.

आधी आपण कुठे आहोत ते मोजा

काट्याचा वजनकाटा घ्या. डिजिटल काटा आकडा अडकवून ठेवतो, त्यामुळे इथे तो उपयोगी पडत नाही. काटा बारखाली न हलणाऱ्या, बुटक्या मजबूत बाकावर ठेवा. उंची अशी हवी की उभं राहून बार धरल्यावर कोपर काटकोनात वाकलेलं राहील. आता हिसका न देता, तीन सेकंदांत हळूहळू पूर्ण जोर लावून बार खाली ओढा आणि काटा किती खाली येतो ते दुसऱ्याला बघायला सांगा. ६० किलोच्या माणसाचा काटा १२ वर थांबला, तर तो ४८ किलो ओढतोय. तीनदा करा, मध्ये दोन मिनिटं थांबा, सगळ्यात चांगला आकडा धरा.

हा आकडा धरून ठेवण्याच्या ताकदीचा आहे. ती उचलण्याच्या ताकदीहून थोडी जास्त असते आणि उतरवण्याच्या ताकदीहून सहसा थोडी कमी. म्हणून इथे सव्वापट करू नका. काटा शून्याला टेकला किंवा तुमच्या वजनाच्या विसाव्या हिश्शाच्या आत आला, तर थेट निगेटिव्ह सुरू करा. पाव हिश्शापर्यंत उरला, तर रबरी बँडचा आधार घेऊन किंवा एका पायाचा चवडा स्टुलावर ठेवून उतरा. त्याहून जास्त उरत असेल, तर काही आठवडे कमरेइतक्या उंचीच्या बारखाली आडवं होऊन छाती बारकडे ओढायचा व्यायाम करा आणि मग पुन्हा मोजा.

उतरायचं कसं

स्टूल असं ठेवा की उडी न मारता हनुवटी बारच्या वर येईल. उडी मारून वर जाणाऱ्याच्या उतरण्याची सुरुवातच झोक्याने होते. बार खांद्याइतक्या अंतरावर धरा, अंगठा बारला वेढा घालून. तळवे आपल्याकडे असले तर बहुतेकांना सोपं जातं. खांदे कानांपासून खाली दाबा, पाय उचला, मागे दुमडा आणि एक क्षण थांबा. तो क्षणही थांबता आलं नाही, तर आधार वाढवा.

मग पाच सेकंदांत खाली या. मोजणारा दुसरा असेल तर उत्तम, कारण स्वतः मोजणारा माणूस अवघड जागी घाईने मोजतो. पाच सेकंद सारखे वाटले गेले पाहिजेत. साधारण चूक अशी होते की वरच्या टप्प्यात माणूस चार सेकंद काढतो आणि कोपर काटकोनाच्या खाली गेलं की उरलेलं अंतर एका सेकंदात घसरतो. घड्याळात पाच भरतात, पण अर्ध्या अंतरात व्यायाम झालेलाच नसतो. बाजूने फोनवर व्हिडिओ काढला की हे लगेच दिसतं. तिसऱ्या सेकंदाला कोपर काटकोनाच्या आसपास असायला हवं. शेवटी हात सरळ होताना खांद्यांवर धपकन लटकू नका, पाय स्टुलावर टेकवा. वर परत पायांनीच चढा.

पहिल्या आठवड्यात दोन दिवस आणि प्रत्येक वेळी फक्त दोन सेट, सेटमध्ये दोनच वेळा उतरणं. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, दोन दिवसांमध्ये किमान ७२ तास. दुसऱ्या आठवड्यात तीन सेट, प्रत्येकी तीन. नंतर सेटमधली उतरणी चारपर्यंत आणि वेळ आठ सेकंदांपर्यंत वाढवा. दहाच्या पुढे नेण्यात फारसा अर्थ नाही. एखाद्या वेळी तीन सेकंदांच्या आत खाली आलात की त्या दिवसाचं काम संपलं, सेट अर्धा राहिला तरी.

दम लागत नाही, इथेच फसगत

पहिल्या दिवशी चार वेळा उतरून झाल्यावर वाटतं, काहीच केलं नाही. याला शास्त्रीय कारण आहे. १९५२ मध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या इंग्लंडमधल्या संशोधकांनी दोन स्थिर सायकली साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचं, दुसऱ्याने त्याला विरोध करायचा. दोघांच्या पायांवर सारखाच जोर येत होता, पण विरोध करणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. ताणली जाणारी मायोसिनची टोकं बळजबरीने सुटतात, त्या सुटण्याला एटीपी हे इंधन खर्चावं लागत नाही. शिवाय तेवढ्याच जोरासाठी कमी तंतू कामाला लावावे लागतात.

पण मग तेवढा जोर थोड्या तंतूंवर पडतो, त्यांची सूक्ष्म रचना काही ठिकाणी उसवते आणि दुखणं दुसऱ्या दिवशी उगवतं. ते बहुधा २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. दम लागला नाही म्हणून पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस वेळा उतरलेल्या माणसाचं कोपर दोन दिवसांनी सरळ होत नाही, आणि त्याला वाटतं सांधाच गेला. दंडाचं मांस दाबल्यावर दुखतंय, सांध्यात टोचत नाही, आणि रोज थोडं कमी होतंय, तर हे नेहमीचंच दुखणं आहे. कोपराच्या आतल्या हाडाजवळ एका बिंदूवर टोचत असेल, तर तो कंडरेवरचा ताण आहे. बार धरणं थांबवा. दंड सुजून टणक झाला, हातात जोर राहिला नाही किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडांवर येत असल्याची ती खूण असू शकते.

थोडक्या मात्रेने सुरुवात केली तर हीच गोष्ट उपयोगी पडते. एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाने फारसा दुखत नाही. पहिल्या आठवड्यातली ती आठ निगेटिव्ह त्यासाठी असतात, ताकदीसाठी नाही.

वर जायचं कधी

उतरण्याचा सराव मुख्यतः उतरण्याची ताकद वाढवतो. वर जाण्याची ताकदही वाढते, पण कमी. बारा सेकंद उतरणारे आणि तरी एकही पुलअप न निघणारे लोक असतात ते यामुळेच. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक सत्राची सुरुवात वर जाण्याने करा. बँडच्या आधाराने तीन ते पाच पुलअप, दोन सेट, आणि त्यानंतर निगेटिव्ह. थकलेल्या हातांनी उलट क्रम केला तर वर जाण्याचा सराव वायाच जातो.

आठ सेकंदांची चार निगेटिव्ह तीन सेटमध्ये जमू लागली की तीन दिवस बारला हात लावू नका आणि ताज्या हातांनी एकदा वर जाऊन बघा. बहुतेक जण अगदी तळाशी अडकतात, जिथे हात सरळ असतात. निगेटिव्हमध्ये तिथे पाय स्टुलावर टेकत होते, त्यामुळे तो टप्पाच कच्चा राहिलेला असतो. अशा वेळी हात सरळ ठेवून लटका आणि कोपर न वाकवता फक्त खांद्यांची पाती खाली-मागे ओढा, दोन सेकंद धरा, सोडा. असं आठ वेळा, दोन सेट, निगेटिव्हच्या आधी. आठवड्याने पुन्हा बघा.