पाचवीचा अपूर्णांकाचा तास आणि पावाची लादी

धारावीतल्या शाळेत नवीनच लागलेय, पाचवीला १/३ मोठा की १/४ हे शिकवायचं होतं. सुरुवातीला गोल कागदाला घड्या घालायची ॲक्टिव्हिटी ठेवलेली, पण गोलाचे तीन सारखे भाग मुलांना घडीने जमेचनात, कोणाचा १/३ भाग १/४ पेक्षा बारीक, आणि पोरं म्हणतात, "टीचर, चार मोठा ना, मग १/४च मोठा!"

मग प्लॅनमधल्या पुढच्या वर्कशीटवर सरळ काट मारली आणि फळ्यावर पावाच्या दोन लाद्या काढल्या, म्हणजे १२ पाव. तिघांत वाटले तर प्रत्येकी ४, चौघांत ३. मागच्या बाकावरून लगेच, "माणसं वाढली की पाव कमी!" नंतर १/६ त्यांनीच काढला, २ पाव. घड्या आता १/२ आणि १/४ साठीच.