व्हेरियन्स कॉमेंटरी खरी कशी लिहायची: भिवंडीच्या भाड्यावरून मी जे शिकले ते

एमआयएसमध्ये नवीन लागलात की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तुमच्याकडे ती एक्सेल येते, बजेट, ॲक्च्युअल, फरक, टक्के आणि शेवटी एक रिकामा कॉलम, कॉमेंट्स. सगळा वेळ आकडे जुळवण्यात जातो आणि तो कॉलम रात्री साडेआठला अंधेरीहून घरी निघायच्या घाईत भरला जातो. मीही तसाच भरायचे. त्यातलं एक वाक्य पुढच्याच महिन्यात माझ्याकडे परत आलं, तेच सांगते.

आमचं गोडाऊन भिवंडीला, तिथून मुंबईभर टेम्पो जातात. वाहतुकीचं बजेट महिन्याला 600 ट्रिपा, ट्रिपेला 3,000, म्हणजे 18 लाख. जूनला लेजरमध्ये 16 लाख 40 हजार दिसले, म्हणजे 1 लाख 60 हजार कमी, आणि मी लिहिलं "रूट प्लॅनिंग सुधारल्यामुळे वाहतूक खर्चात बचत". रूट प्लॅनिंग हा शब्द कुठल्याशा मीटिंगमध्ये कानावर आला होता, तेवढाच काय तो पुरावा. खर्च कमी दिसला की कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणून मीही स्वतःला विचारला नाही.

जुलैला लेजरमध्ये 22 लाख 40 हजार आले, बजेटपेक्षा 4 लाख 40 हजार जास्त, जवळपास 24 टक्के. मी लिहिलं "पावसामुळे आणि भाडं वाढल्यामुळे वाहतूक खर्च बजेटपेक्षा जास्त". मॅडमनी ते वाचून एवढंच विचारलं, की पावसाचे किती, भाड्याचे किती, आणि मागच्या महिन्यातलं ते रूट प्लॅनिंग कुठे गेलं? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. जुलैला मुंबईत पाऊस पडतो हे बजेट करतानाही सगळ्यांना माहीत असतंच ना, मग ते फरकाचं कारण कसं होईल?

मग मी पहिल्यापासून बसले. आधी बघायचं ते हे की लेजरमधला आकडा खरंच त्या महिन्याचा आहे का. आमच्याकडे सॅप आहे, FBL3N मध्ये खात्याच्या सगळ्या एन्ट्री काढल्या. पोस्टिंग डेट बघून काही कळत नाही, ती जुलैचीच असणार. बिलाची तारीखही फसवते, कारण ट्रान्सपोर्टर महिना संपल्यावर बिल बनवतो. माल कधी निघाला ते एलआरवर, म्हणजे ट्रान्सपोर्टर माल घेताना देतो त्या पावतीवर असतं. मी बिलं काढून एलआरच्या तारखा बघितल्या तर 1 लाख 60 हजारांची बिलं सरळसरळ जूनच्या ट्रिपांची होती. बिलं उशिरा आली होती आणि जूनला त्यांची प्रोव्हिजन घ्यायची आम्ही अकाउंट्सवाले विसरलो होतो. म्हणजे जूनची ती बचत मुळात नव्हतीच, तो महिना बरोब्बर 18 लाखांवर, बजेटवरच होता. आणि मी त्याचं श्रेय रूट प्लॅनिंगला देऊन मोकळी झाले होते!

हे सगळं जूनलाच कळलं असतं. भिवंडीला गेटवर ट्रिप रजिस्टर असतं, त्यातल्या ट्रिपा गुणिले ठरलेलं भाडं केलं की साधारण किती खर्च यायला हवा ते कळतं, लेजर त्याच्यापेक्षा बराच कमी असेल तर बिलं यायची बाकी आहेत असं समजायचं. आता मी हे दर महिन्याला क्लोजिंगच्या आधीच करते.

जुलैचा स्वतःचा खर्च मग उरला 20 लाख 80 हजार. रजिस्टरवर ट्रिपा 650, म्हणजे ट्रिपेला 3,200. ट्रान्सपोर्टरचा करार 1 जुलैपासून नवीन रेटने रिन्यू झाला होता आणि बजेट जुन्या रेटवर होतं. मग भाडेवाढीचे 650 गुणिले 200, म्हणजे 1 लाख 30 हजार, आणि जास्तीच्या 50 ट्रिपांचे जुन्या रेटने 1 लाख 50 हजार. त्या 50 ट्रिपांवरची भाडेवाढ कुठल्या बाजूला धरायची यावर 10 हजार इकडचे तिकडे होतात, आमच्याकडे ते रेटमध्ये धरतात, तुमच्या ऑफिसात काय पद्धत आहे ते विचारून घ्या आणि दर महिन्याला तीच ठेवा.

आता 50 ट्रिपा का वाढल्या? मी लिहिणारच होते की सेल वाढला. पण गेलेल्या पेट्या बघितल्या तर त्या बजेटएवढ्याच, 60 हजारांच्या आसपास. माल तेवढाच आणि गाड्या जास्त, म्हणजे ट्रिपेला 100 पेट्या जायच्या तिथे 92 च जात होत्या. हे ऑफिसात बसून कळणारं नव्हतं, म्हणून दादरला गाडी बदलून ठाणे आणि तिथून एसटीने भिवंडी गाठली. डिस्पॅचच्या काकांनी रजिस्टर उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, सेल्सवाल्यांनी पार्टीला दुसऱ्या दिवशी माल देतो म्हणून कबूल केलंय, मग गाडी भरायची वाट कशी बघणार?" त्यांच्याबरोबर बसून एकेक ओळ बघितली तर अशा अर्ध्या भरलेल्या 32 ट्रिपा सापडल्या. उरलेल्या 18 चं कारण त्यांनाही सांगता येईना.

त्या 18 ना पावसात ढकलायचा मोह मला झाला, खोटं का सांगू. पण मॅडम म्हणाल्या, कळलं नसेल तर कळलं नाही असंच लिही, फक्त किती रुपयांचं आणि कधीपर्यंत कळेल ते लिही. शेवटी जे गेलं ते असं होतं (ऑफिसात इंग्रजीत जातं, इथे मराठीत देतेय):

"जुलैचा वाहतूक खर्च बजेटपेक्षा 4.40 लाखांनी जास्त आहे. यातले 1.60 लाख जूनच्या ट्रिपांचे आहेत, जूनला त्यांची प्रोव्हिजन राहिली होती. त्यामुळे जूनला दाखवलेली बचत खरी नव्हती आणि तेव्हा दिलेलं कारण चुकीचं होतं. 1.30 लाख नवीन रेटमुळे, ट्रिपेला 3,000 ऐवजी 3,200. हा रेट मार्चपर्यंत राहील, ट्रिपा बजेटएवढ्या धरल्या तर पुढच्या 8 महिन्यांत आणखी 9.60 लाख लागतील. 96 हजार, दुसऱ्या दिवशी डिलिव्हरी द्यायची म्हणून अर्ध्या भरून गेलेल्या 32 ट्रिपांचे. हे चालू ठेवायचं का ते सेल्सने ठरवायचं आहे. 54 हजारांच्या 18 ट्रिपांचं कारण अजून कळलेलं नाही, ऑगस्टच्या रिपोर्टमध्ये देऊ."

बेरीज करून बघा, 4.40 लाख पूर्ण जुळतात. आणि प्रत्येक तुकड्याचं पुढे काय हेही वाचणाऱ्याला कळतं, जूनचा भाग परत येणार नाही, रेट दर महिन्याला येत राहील, अर्ध्या गाड्या कोणीतरी ठरवलं तर थांबतील. आधीच्या माझ्या वाक्यात पाऊस आणि भाडं एकत्र कालवलेलं होतं, त्यावरून कोणाला काहीच ठरवता आलं नसतं.

चूक कबूल करायचं ते वाक्य टाइप करताना मला जड गेलं. पण एप्रिल ते जुलै एकत्र बघितलं की जूनचे कमी आणि जुलैचे जास्त एकमेकांत फिटतात, त्यामुळे वरच्या कोणीही वाद घातला नाही, उलट सगळी चर्चा 9.60 लाखांवर झाली.

त्या 18 ट्रिपांचं ऑगस्टमध्ये कळलं. पार्टीने परत केलेला माल आणायला गेलेल्या गाड्यांची आमच्याकडे वेगळी ट्रिप लागत होती, नवीन करारात तसं कलम होतं आणि बजेट करणाऱ्यांपैकी कोणीच ते वाचलं नव्हतं.