फुटक्या पार्सलचा फोटो आणि सोबत नुसतं ‘क्लेम’: या चुका टाळा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. खोक्याचा कोपरा चेपलेला, टेप उसवलेली, आतून पांढरे तुकडे डोकावताहेत. खाली एकच शब्द: ‘क्लेम’. पाठवणाऱ्याला वाटतं, दिसतंय की सगळं! पण फोटोतून फक्त मोडतोड कळते. माल कोणाचा, कोणाच्या ताब्यात फुटला आणि पैसे कोणी द्यायचे, यातलं काहीच कळत नाही.

पहिली चूक इथेच होते. समोरचा घाईने ‘कंपनीला कळवतो’ म्हणतो आणि चुकीच्या दारात अर्ज जातो. त्याआधी तीन गोष्टी विचारा: माल तुम्ही मागवला की पाठवला, बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या बुकिंग पावतीचा नंबर काय, आणि हवं काय आहे? पैसे, बदली माल की विम्याची भरपाई?

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या दुकानदाराने गुजरातमधल्या मोरबीहून बारा वॉश बेसिन मागवले. नग 2,000 रुपयांचा, बिल 24,000. ट्रान्सपोर्टचं भाडं 700 रुपये. चार बेसिन फुटले, म्हणजे नुकसान 8,000 चं. आता बिल पाहायचं. दर ‘पुणे पोहोच’ असेल तर दुकानदाराने विक्रेत्याकडे मागायचं, ट्रान्सपोर्टवाल्याशी विक्रेता बघेल. दर मोरबीतल्या गोडाऊनपर्यंतचाच असेल, तर माल ट्रान्सपोर्टच्या ताब्यात गेला की जोखीम साधारणपणे खरेदीदाराची होते. मग दुकानदाराने थेट ट्रान्सपोर्टवर क्लेम करायचा. बिलावर काहीच लिहिलं नसेल तर ऑर्डरचे मेसेज शोधा. कोणत्या अटीवर सौदा ठरला, ते बहुतेक वेळा तिथे सापडतं.

घरच्या वापरासाठी ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचं सोपं आहे. ग्राहकाने कुरिअरच्या मागे लागू नये. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते.

पुन्हा आपल्या बेसिनकडे. सगळ्यात महाग पडणारी चूक डिलिव्हरीच्या वेळी होते. हमाल घाईत असतो, पोहोच पावतीवर सही मागतो, आणि आपण सही करून मोकळे होतो. शेरा न मारलेली सही म्हणजे माल नीट मिळाल्याची कबुली, असंच पुढे धरलं जातं. म्हणून सहीच्या वर हाताने लिहा: ‘2 खोकी चेपलेली, आतील माल तपासायचा आहे’. त्या पावतीचाही फोटो काढा. शेरा राहून गेला असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा, पण त्याचं वजन कमी पडतं.

फोटोही नुसत्या तुकड्यांचा नको. आधी बंद खोकं, त्यावरचं लेबल आणि बिल्टी नंबर वाचता येईल असा. मग उघडताना, आतली फोम किंवा पेंढ्याची भर दिसेल असा. शेवटी फुटलेले नग एकत्र, मोजता येतील असे. हे महत्त्वाचं, कारण ट्रान्सपोर्टचा ठरलेला बचाव असतो की पॅकिंगच कच्चं होतं. म्हणून तपासणी होईपर्यंत खोकं आणि तुकडे भंगारात देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवला तर काढल्याची वेळ वगैरे फाइलमधली माहिती पुसली जाते.

आता रक्कम. कॅरेज बाय रोड कायदा 2007 आणि त्याखालचे नियम यांनुसार, बुकिंगच्या वेळी जास्त किंमत जाहीर करून जादा जोखीम दर भरलेला नसेल, तर ट्रान्सपोर्टची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते. इथे 700 चे दहापट 7,000. म्हणजे 8,000 चं नुकसान सिद्ध झालं तरी हजार रुपये बुडतात. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असं छापलेलं पाहून मात्र माघार घेऊ नका. तेवढ्या शिक्क्याने वाहतूकदाराचा निष्काळजीपणा माफ होत नाही.

मुदतही याच कायद्यात आहे. दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही 180 दिवसांत, आणि दिवस मोजायचे बुकिंगपासून. डिलिव्हरीपासून मोजणं ही नेहमीची चूक. 3 मार्चला बुक झालेल्या मालाची मुदत 30 ऑगस्टला संपते. फोनवर ‘बघतो साहेब’ ऐकत महिने गेले, तर ते नोटिशीत धरले जात नाहीत. नोटीस अशी पुरते: ‘बिल्टी क्र. अमुक, बुकिंग 3 मार्च, मोरबी ते पुणे, 12 पैकी 4 बेसिन फुटलेले मिळाले, नुकसान 8,000 रुपये, बिल, शेरा मारलेली पोहोच पावती व फोटो सोबत.’ स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा.

ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेतल्या नुकसानीचा विमा, काढलेला असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा, पण ट्रान्सपोर्टला नोटीस देणं सोडू नका. भरपाई दिल्यावर कंपनी तोच पैसा ट्रान्सपोर्टकडून वसूल करू पाहते. तुम्ही मधेच ट्रान्सपोर्टकडून दोन हजार घेऊन ‘हिशोब पूर्ण झाला’ असं लिहून दिलंत, तर कंपनीचा तो हक्क जातो, आणि तुमचा क्लेम नाकारायला किंवा कापायला तिला कारण मिळतं.