आयटीपीचा शिक्का मारण्याआधी या चुका टाळा

डेंग्यूमुळे ‘प्लेटलेट’ हा शब्द घरोघरी पोचला आणि त्याबरोबर एक सवयही लागली : आकडा बघायचा आणि निर्णय घेऊन टाकायचा. आयटीपीच्या, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनियाच्या बाबतीत ही सवय महागात पडते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करते. पण तो पक्का ओळखून देणारी एकही तपासणी नाही. बाकीची कारणं वगळून उरतो तो आयटीपी. ही वगळण्याची पायरी गाळली, की जन्मजात रक्तस्रावाचा विकार असलेलं मूल वर्षानुवर्षं स्टेरॉइड खात राहतं.

एक नमुना घेऊ. १४ वर्षांची मुलगी. पहिली पाळी १२ दिवस थांबली नाही, हिमोग्लोबिन ६.८ वर आलं. प्लेटलेट ३८,०००. चौथ्या वर्षीच ‘आयटीपी’ असं निदान झालेलं, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे तीन कोर्स आणि एकदा आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं, होऊन गेलेलं. आता पुन्हा स्टेरॉइड सुरू करायचं का, हा प्रश्न समोर आहे. तो प्रश्नच चुकीचा आहे, आणि ते फाइलमध्येच दिसतं.

चूक पहिली : जुने रिपोर्ट शेजारी न ठेवणं

दहा वर्षांचे सगळे सीबीसी तारखेप्रमाणे लावले, तर आकडा २५,००० ते ६०,००० या पट्ट्यातून कधीच बाहेर गेलेला नाही. आयटीपी असं वागत नाही. आयटीपीत आधी कधीतरी प्लेटलेट व्यवस्थित असतात, मग एकाएकी पडतात, आणि उपचारांना बहुतेक वेळा काहीतरी दाद देतात. आयव्हीआयजीनंतर साधारण १ ते ४ दिवसांत, प्रेडनिसोलोननंतर ४ ते १४ दिवसांत आकडा वर सरकायला लागतो. या मुलीचा एकदाही सरकला नाही. म्हणून ‘दीड लाखाच्या वर असलेला एक तरी जुना रिपोर्ट दाखवा’ ही मागणी कोणत्याही महागड्या तपासणीआधी करावी. असा रिपोर्ट सापडला, तर जन्मजात कमतरतेची शक्यता बरीच घटते.

घरचा इतिहासही ‘कुणाला असा त्रास आहे का?’ एवढ्यावर सोडू नये. नाळ पडताना रक्त थांबलं होतं का, दात पडताना किती वेळ वाहिलं, घोळणा फुटला तर किती मिनिटं चालतो, हे एकेक विचारावं लागतं. आणि आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारावा : आईवडील नात्यातले आहेत का? मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे, आणि दोन्हीकडून एकच दोषी जनुक आल्यावर होणारे विकार अशा घरांत जास्त दिसतात. या मुलीचे आईवडील आते-मामे भावंडं आहेत.

चूक दुसरी : मशीनवर विश्वास, स्मिअरकडे पाठ

सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. बहुतेक काउंटर पेशी आकारावरून ओळखतात. प्लेटलेट तांबड्या पेशीएवढी मोठी असेल, तर मशीन तिला प्लेटलेट धरतच नाही. या मुलीच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थरात, सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली दर फील्डमध्ये सरासरी ४ प्लेटलेट दिसल्या. ढोबळ हिशेब असा, की एका फील्डमधली एक प्लेटलेट म्हणजे साधारण १५,०००. म्हणजे खरा आकडा ६०,००० च्या आसपास, मशीनचा ३८,०००. शिवाय बऱ्याच प्लेटलेट राक्षसी आकाराच्या. आयटीपीतही काही प्लेटलेट मोठ्या दिसतात, पण बहुतांश तांबड्या पेशींशी स्पर्धा करताहेत असं चित्र तिथे नसतं.

आणखी एका प्रकारे मशीन फसतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीन कमी आकडा देतं. पेशंटला ना डाग, ना रक्तस्राव. स्मिअरच्या कडेला गठ्ठे दिसले, तर सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजावं आणि आलेला आकडा १.१ ने गुणावा, कारण त्या नळीतल्या द्रवाने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं.

चूक तिसरी : रक्तस्राव आणि आकडा यांचा मेळ न बघणं

खऱ्या आयटीपीत ३०,००० प्लेटलेटवरही पुष्कळ जण पायावरच्या चार लाल ठिपक्यांवर निभावून नेतात, कारण उरलेल्या प्लेटलेट ताज्या आणि कामसू असतात. ६०,००० असताना हिमोग्लोबिन ६.८ पर्यंत उतरत असेल, तर प्लेटलेट कमी आहेत एवढंच कारण पुरत नाही. त्या नीट काम करत नसाव्यात. हा विचार इथून बर्नार्ड-सूलिए सिंड्रोमकडे नेतो. १९४८ मध्ये फ्रान्समध्ये वर्णन झालेल्या या विकारात प्लेटलेटला जखमेवर चिकटवणारा प्रथिनांचा गट नसतो किंवा अपुरा असतो.

प्लेटलेटचं काम तपासायला अ‍ॅग्रिगोमेट्री करतात, पण आकडा १ लाखाखाली असला की तिचे निकाल भरवशाचे राहत नाहीत. अशा वेळी प्लेटलेटच्या पृष्ठभागावरची प्रथिनं मोजणारी फ्लो सायटोमेट्री बरी. तिला रक्तही थोडं लागतं. या मुलीत चिकटवणाऱ्या गटातलं सीडी४२बी हे प्रथिन जवळजवळ नाही, सीडी४१ आणि सीडी६१ व्यवस्थित, म्हणून निदान बर्नार्ड-सूलिए. सीडी४१ आणि सीडी६१ नसते, तर ग्लान्झमन थ्रॉम्बास्थेनिया. पण त्यात प्लेटलेटची संख्या सहसा नॉर्मलच असते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी असे नमुने तपासले जातात.

गुडघा सुजला, स्नायूत रक्त साचलं, किंवा जखम थांबून काही तासांनी पुन्हा वाहू लागली, तर रोख प्लेटलेटवरून क्लॉटिंग फॅक्टरकडे वळवावा. मुलगा असेल, तर मामाचा इतिहास विचारावा. हिमोफिलिया आईकडून येतो.

चूक चौथी : ‘बीटी-सीटी नॉर्मल’ म्हणजे सगळं ठीक

दाढ काढण्याआधी आजही रक्तस्राव थांबण्याची आणि रक्त गोठण्याची वेळ मोजणारी हीच जोडी मागवली जाते. सीटी वाढायला फॅक्टर खूपच कमी असावा लागतो. सौम्य हिमोफिलियात आणि प्लेटलेटला जखमेशी जोडणाऱ्या फॅक्टरच्या, म्हणजे व्हॉन विलेब्रांड आजारात प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ, म्हणजे एपीटीटीसुद्धा नॉर्मल येऊ शकतो. फॅक्टर १३ च्या कमतरतेत गोठण्याच्या पीटी आणि एपीटीटी या दोन्ही तपासण्या नॉर्मल, तरी नाळेतून रक्त येतं. व्हॉन विलेब्रांड फॅक्टर ताप, ताण आणि गरोदरपणात वाढतो, म्हणून रडणाऱ्या मुलाचा एक नॉर्मल रिपोर्ट पुरेसा नाही. बरं वाटत असताना पुन्हा करावा. आणि निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी भरली तर सायट्रेटचं प्रमाण वाढून एपीटीटी खोटाच लांबतो.

व्हॉन विलेब्रांड आजाराचा २बी हा प्रकार आयटीपीचा हुबेहूब वेष घेतो. प्लेटलेट कमी, गरोदरपणात आणखी कमी. इथे ‘व्हॉन विलेब्रांड आहे ना, मग डेस्मोप्रेसिन द्या’ असं करू नये. हा फॅक्टर रक्तात वाढवणाऱ्या या औषधाने प्लेटलेट अजून घसरू शकतात.

मग उपचार काय बदलतात?

आयटीपीतही स्टेरॉइडचा कोर्स छोटाच हवा : अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या शिफारशींप्रमाणे मुलांत ५ ते ७ दिवस, मोठ्यांत डोस उतरवण्याचा काळ धरून ६ आठवड्यांपर्यंत. बर्नार्ड-सूलिएत स्टेरॉइड नको आणि प्लीहा काढणंही नको. या मुलीला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, पाळी थांबवणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या आणि लोह लागेल. लघवीतून रक्त येत असेल, तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड टाळावं; मूत्रमार्गात गुठळ्या अडकतात. प्लेटलेटची पिशवी मोठ्या रक्तस्रावासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवावी. जे प्रथिन तिच्यात नाही तेच दात्याच्या प्लेटलेटवर असतं, शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि पुढच्या पिशव्या वाया जातात. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको.

हा विकार दोन्हीकडून दोषी जनुक आल्यावर होतो, म्हणून तिला धाकटा भाऊ असेल, तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा विकार असण्याची शक्यता चारात एक. त्याचा सीबीसी आणि स्मिअर याच आठवड्यात व्हावा. आणि त्याची दाढ काढायची ठरली असेल, तर त्याआधी.