ईदची सजावट: चांदरातीला झकास, सकाळी फिकी? या चुका टाळा

ईदच्या सजावटीत सगळ्यात जास्त फसगत होते ती वेळेच्या हिशोबात. चंद्राचे कंदील, दिव्यांच्या माळा, टेबलावरचं नवं कापड, सगळं चांदरातीला लागतं. रात्री अकराला ट्यूबलाइट बंद करून फोटो निघतात, घर खूश. पण रमजान ईदचे पाहुणे येतात सकाळी. नमाज आटोपून पहिली मंडळी दारात उभी राहतात तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं असतं, आणि रात्री सोन्यासारखी चमकणारी तांब्याच्या तारेची माळ भिंतीवर विसरलेल्या वायरीसारखी लोंबत असते.

म्हणून सजावट दोन वेळांची धरा. दिवसा दिसतं ते कापड, कागद, फुलं आणि रंग. त्यांची जागा दार आणि टेबल. दिवे संध्याकाळसाठी. माळ भिंतीवर चिकटवण्यापेक्षा खिडकीच्या झिरझिरीत पडद्यामागे, पडद्याच्या रॉडवरून खाली सोडा. दिवसा तो नुसता पडदा असतो, अंधार पडल्यावर पूर्ण पडदा उजळतो. शिवाय टेप लावावी लागत नाही, त्यामुळे ईदनंतर भिंतीच्या रंगाचे पापुद्रेही निघत नाहीत.

दुसरी गडबड पंख्याची. 2025 मध्ये आपल्याकडे ईद 31 मार्चला आली होती, आणि दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्चमध्येही हॉलमध्ये दहा माणसं बसली की पंखा लागतोच. सजावट मात्र पंखा बंद ठेवून केलेली असते. मग सकाळी पंखा सुरू केला की कागदी कंदील गरागरा फिरतात, दोऱ्यांना पीळ बसतो आणि एखादा थेट पात्यात जातो.

समजा हॉल 10 बाय 14 फुटांचा आहे, छत साडेनऊ फुटांवर आणि पंखा मधोमध. नेहमीचा 1200 मिलिमीटरचा पंखा म्हणजे मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत दोन फूट. त्यापुढे आणखी दोन फूट हवेच्या झोतासाठी सोडा. रुंदीच्या बाजूला मध्यापासून भिंत पाचच फुटांवर आहे, म्हणजे तिथे कंदिलांसाठी भिंतीलगतची जेमतेम फूटभर पट्टी उरली. लांबीच्या दोन्ही टोकांना मात्र तीन-तीन फूट मिळतात. त्यातलं खिडकीकडचं टोक निवडा आणि तिथे तीनच चंद्र लावा, कमी-जास्त उंचीवर. सगळ्यात खालचा जमिनीपासून सात फुटांच्या खाली नको, नाहीतर उंच माणूस गळाभेट घेताना डोकं आपटून घेईल. बारा चंद्र आणले असतील तर उरलेले नऊ जिन्यात किंवा बाल्कनीत लावा. सगळे एकाच खोलीत कोंबले की दुकान मांडल्यासारखं वाटतं.

चंद्र एकाच दोऱ्यावर टांगला तर तो फिरणारच. एकदा पाठ दाखवेल, एकदा तोंड. दोन टोकांना दोन दोरे बांधा आणि ते वर थोड्या अंतरावर अडकवा. चंद्र स्थिर राहतो आणि टोकं वर करून, होडीसारखा दिसतो. या दिवसांत आपल्याकडे पश्चिमेला सूर्यास्तानंतर दिसणारी ईदची कोर जवळपास अशीच आडवी असते. हा हट्ट धरायलाच हवा असं नाही, पण गच्चीवर चंद्र बघून घरात शिरणाऱ्या मुलांच्या ते लगेच लक्षात येतं.

कागदी किंवा कार्डशीटच्या कंदिलात खरी मेणबत्ती लावू नका, घरात कुणी लक्ष ठेवणारं असलं तरी. सेलवरची एलईडी मेणबत्ती पुरते. खऱ्या ज्योतीची हौस असेल तर काच आणि पत्र्याचा कंदील घ्या आणि तो पडद्यापासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवा.

आता उजेड. ‘मंद प्रकाश केला पण खोली उदास दिसते’ ही तक्रार बहुतेक घरांत असते, आणि कारण बहुधा एकच: पांढरी ट्यूब आणि पिवळी माळ दोन्ही एकदम चालू. ट्यूबचा निळसर पांढरा उजेड, खोक्यावर 6500K लिहिलेला, माळेला गिळून टाकतो. आणि ट्यूब बंद केली तर नुसत्या माळेत माणसांचे चेहरे दिसत नाहीत. उपाय सोपा आहे. 2700K किंवा 3000K लिहिलेला, वॉर्म व्हाइट नावाने मिळणारा नऊ वॉटचा बल्ब टेबल लॅम्पमध्ये लावा आणि तो कोपऱ्यात असा ठेवा की उजेड भिंतीवर पडून खोलीत पसरेल. दोन कोपऱ्यांत दोन असले तर ट्यूबची गरज पडत नाही. शीरखुर्म्यातलं केशर आणि बिर्याणीचा रंगही या उजेडात खुलतो. पांढऱ्या ट्यूबखाली दोन्ही फिकी दिसतात.

माळेचं टोक मंद दिसत असेल तर ती खराब आहे असं लगेच समजू नका. यूएसबीवर चालणाऱ्या बारीक तारेच्या माळा एकीला एक जोडून लांब केल्या की शेवटपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. प्रत्येक माळेला वेगळा चार्जर द्या. थेट प्लगवर चालणाऱ्या स्वस्त माळेचा एक तुकडाच विझला असेल, तर बहुतेक वेळा त्या तुकड्यातला एखादा दिवा गेलेला किंवा तार सुटलेली असते. ती चांदरातीला उघडत बसू नका, बदला. म्हणूनच माळा आठवडाभर आधी लावून दोन-तीन तास चालवून बघाव्यात. चंद्र एकोणतिसाव्या रोजाला दिसेल की तिसावा रोजा होईल हे आधी कळत नाही, आणि दिसल्यावर घरात दूध, सेवया, मेहंदी, इस्त्री यांचाच गोंधळ असतो. त्या रात्री फक्त फुलं आणि टेबल उरायला हवं.

टेबलाची मोठी चूक म्हणजे ते जेवणाच्या पंगतीसारखं मांडणं. ईदच्या सकाळी कुणी एकदम जेवायला बसत नाही. पाच-सहा जण येतात, वाटीभर शीरखुर्मा घेतात, पंधरा मिनिटांत उठतात, मग पुढचे. तेव्हा आठ ताटं मांडून ठेवण्यात अर्थ नाही. टेबल भिंतीला लावा: एका बाजूला लहान वाट्या आणि चमचे, मध्ये खजूर आणि सुका मेवा, दुसऱ्या टोकाला पाणी आणि बडीशेप. वापरलेल्या वाट्यांसाठी एक ट्रे आधीच खाली ठेवा, नाहीतर त्या सोफ्याच्या हातावर आणि खिडकीत सापडतात.

शीरखुर्मा मात्र वाट्यांत भरून सजवून ठेवू नका. फोटोला छान दिसतो, पण अर्ध्या तासात सेवया दूध शोषून घेतात आणि वर साय धरते. पातेलं स्वयंपाकघरातच राहू द्या, शेजारी वेगळं गरम दूध ठेवा, आणि पाहुणे बसल्यावर सैल करून वाढा. गरम वाटी हातात धरवत नाही, म्हणून प्रत्येकीखाली बशी हवी. टेबलावर उंच फुलदाणी किंवा तीव्र वासाची उदबत्ती नको. केशर-वेलचीचा वास त्यात हरवतो. अत्तर दारापाशी ठेवा, आत येताना लावलं की झालं.

टेबल-रनर, कागदी नॅपकिन किंवा डिस्पोजेबल प्लेट घेताना वरचं अरबी अक्षरकाम नीट बघून घ्या. नुसतं ‘ईद मुबारक’ असेल तर ठीक. पण नक्षी समजून आणलेल्या ओळीत आयत किंवा अल्लाहचं नाव असेल, तर त्या नॅपकिनने हात पुसला जाईल आणि संध्याकाळी तो कचऱ्यात जाईल. घरातल्या ज्येष्ठांना ते खटकतं, आणि बरोबरच आहे. वाचता येत नसेल तर साधा चंद्र-ताऱ्यांचा कागद घ्या. उर्दू अक्षरांच्या पताका सुट्या मिळाल्या तर त्या उजवीकडून डावीकडे ओवायच्या, हेही ओवणाऱ्याला आधीच सांगा. दोऱ्यात गाठी मारून झाल्यावर सांगून उपयोग नसतो.