थवा, जुडगा, पथक : समूहदर्शक शब्द कसा निवडावा

इंदुरात घराबाहेर दिवसभर हिंदी कानावर पडते, त्यामुळे मराठी लिहिताना समूहदर्शक शब्द हटकून घसरतात. सगळ्यांत मोठी फसगत ‘भीड’ या शब्दाची. राजवाड्यावर ‘खूप भीड होती’ असे लिहिले, तर मराठी वाचकाला तिथे संकोच दिसतो, कारण मराठीत भीड म्हणजे भिडस्तपणा. माणसांची होते ती गर्दी.

एक वाक्य दुरुस्त करून पाहू : ‘सिरपूर तलावावर पक्षांचा झुंड उतरले.’

आधी समूह कसा जमला आहे ते पाहा. एकत्र उडणाऱ्या पक्ष्यांचा थवा, चरणाऱ्या गुरांचा कळप, गप्पा मारत उभ्या मुलांचा घोळका. मराठीत झुंड स्त्रीलिंगी असते आणि तिच्यात बेफाम जमावाची छटा असते, म्हणून इथे थवाच हवा. किल्ल्यांचेही तसेच. हिंदीतल्या ‘गुच्छा’वरून किल्ल्यांचा गुच्छ होतो खरा, पण गुच्छ फुलांचा, किल्ल्यांचा जुडगा.

मग आतल्या वस्तूचे रूप लावा. सुट्या मोजता येणाऱ्या वस्तू अनेकवचनात येतात : किल्ली, किल्ल्या, किल्ल्यांचा. सुटे न मोजता ज्याचा ढीग लावतो किंवा जुडी बांधतो ते एकवचनातच राहते : गव्हाची रास, कोथिंबिरीची जुडी. ‘पक्षी’चे ‘पक्ष्यांचा’ होते. त्यातला ‘य’ गळला की थवा राजकीय पक्षांचा होतो, आणि ही चूक छापील मजकुरातही सर्रास सापडते.

क्रियापद शेवटी जुळवा. ते थव्याशी जुळते, पक्ष्यांशी नाही. ‘उतरले’ लिहिताना मनात अनेक पक्षी असतात, म्हणून हात चुकतो. तपासायला ‘पक्ष्यांचा’ बोटाने झाका : ‘थवा उतरला.’ म्हणजे वाक्य झाले, ‘सिरपूर तलावावर पक्ष्यांचा थवा उतरला.’

तज्ज्ञांच्या बाबतीत मात्र ते काय करतात यावर शब्द ठरतो. पाहणीला जाते ते पथक, अहवाल देते ती समिती, चर्चेला किंवा मुलाखत घ्यायला बसते ते पॅनेल. कायमस्वरूपी असेल तर मंडळ. लिंग इथे विशेष जपावे. हिंदीत ‘दल आया’, पण मराठीत दल नपुंसकलिंगी, म्हणून ‘दल आले’. पथक, मंडळ, पॅनेल हीसुद्धा तशीच : ‘तज्ज्ञांचे पथक आले’, पण ‘तज्ज्ञांची समिती आली’.

समूहातली माणसे वेगवेगळे वागली, तर समूहाचा शब्द एकटा पुरत नाही. ‘समिती आपापल्या गावी गेली’ हे कानाला खटकते. तिथे सदस्य पुढे आणावेत : ‘समितीचे सदस्य आपापल्या गावी गेले.’