फुकट वाय-फाय आणि व्हीपीएन: या चुका टाळा

"व्हीपीएन आहे ना भाऊ, मग काय टेन्शन" हे ऐकून ऐकून कान किटलेत. व्हीपीएन म्हणजे फोनचं नेट झाकून नेणारं ॲप, पण ते असलं की सगळं सुरक्षित असं समजणं हीच सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी तिचंच बघू.

मित्राचा भाचा परभणी स्टेशनवर गाडीची वाट बघत बसला होता, गाडी लेट. फोनमध्ये फ्री वाय-फाय नावाची दोन-तीन नेटवर्कं दिसली, यानं ज्याची रेंज फुल ते दाबलं. व्हीपीएन जोडेना, कारण असल्या नेटवर्कवर लॉगिनचं पान पार केल्याशिवाय बाहेरचं नेटच मिळत नाही, मग गड्यानं व्हीपीएन बंद केलं. पानावर मोबाईल नंबर मागितला, दिला. ओटीपी आला, तोही टाकला. पाच मिनिटांत व्हॉट्सॲप लॉगआउट आणि नातेवाईकांना "अर्जंट पैसे पाठवा" चे मेसेज सुरू! झालं असं, की ते नेटवर्क कुणीतरी लॅपटॉपवरून सोडलेलं होतं, त्यानं नंबर मिळाल्या मिळाल्या स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये टाकला आणि आलेला कोड ह्यानंच आपल्या हातानं त्याला दिला. एसेमेसमध्ये व्हॉट्सॲपचा कोड असं स्पष्ट लिहिलेलं, पण वाचतंय कोण, सगळ्यांना घाई.

अशा वेळी व्हीपीएन चालू असतं तरी काय करणार होतं? ते फोनपासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता झाकतं, म्हणजे कॅफेवाल्याला किंवा शेजारच्या टेबलवाल्याला तुम्ही कुठल्या साईटवर गेलात ते दिसत नाही. बस. पुढं खोट्या पानावर तुम्ही स्वतः टाकलेलं ते अडवत नाही. आणि बँकेच्या साईटवर https असलं की आतला मजकूर तसाही झाकलेलाच असतो, फक्त ते कुलूप म्हणजे साईट खरी असं नव्हे, चोराच्या साईटलाही कुलूप मिळतं. फुकटच्या व्हीपीएनवर तर माझा काडीचा विश्वास नाही, कॅफेवाल्यापासून जे लपवलं ते आता त्या कंपनीला दिसणार.

माझी सवय सांगतो: ओटीपी टाकायच्या आधी तो कशाचा आहे ते मेसेजमध्ये वाचायचं. लॉगिनच्या पानानं कार्ड किंवा ईमेलचा पासवर्ड मागितला की तिथंच उठायचं. लॉगिन झाल्यावर व्हीपीएन पुन्हा चालू करायचं, हे तर निम्मे लोक विसरतातच.

व्हॉट्सॲप गेलंच तर आपल्या फोनवर तोच नंबर टाकून परत रजिस्टर करा, समोरचा बाहेर पडतो. पण त्यानं टू-स्टेप पिन, म्हणजे कोडशिवाय लागणारा जादाचा पिन, लावून ठेवला असेल तर ७ दिवस थांबावं लागतं, म्हणून तो पिन आधी तुम्हीच लावा.

ब्राऊझरमध्ये सर्टिफिकेटची, म्हणजे साईटची ओळख पटत नसल्याची, वॉर्निंग आली तर "तरीही पुढे जा" दाबू नका. लॉगिनचं पान उघडतच नसेल तर ब्राऊझरमध्ये `http://neverssl.com` टाकून बघा.

पैशाचा व्यवहार असला की मी सरळ वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर करतो. आणि काम झालं की ते फुकट वाय-फायचं नेटवर्क फोनमधून फरगेट करा, नाहीतर त्याच नावाचं खोटं नेटवर्क दिसलं तरी फोन आपोआप जोडून बसतो.